टाकी ठेवावी की पाइप घ्यावा?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. इशारा पातळी ३९ फुटांची आणि धोका पातळी ४३ फुटांची, म्हणजे नदी धोक्याच्या खुणेवर बारा फूट चढून वाहत होती. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर कोल्हापूरकडे ट्रक येईनात. पेट्रोल पंपांवरचा साठा रुग्णवाहिका आणि बचाव पथकांसाठी राखून ठेवावा लागला. दूध आणि भाजीची टंचाई झाली, आणि गॅसच्या टाक्याही रस्त्यानेच येत असल्यामुळे त्यांची वाटही बंद झाली. ज्यांच्या घरी दुसरी टाकी भरलेली होती ते निभावले. ज्यांची एकुलती टाकी त्याच आठवड्यात संपली, त्यांनी शेजाऱ्यांच्या शेगडीवर भाताचा कुकर लावून घेतला. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, महामार्ग पुन्हा पाण्याखाली गेला.

२०१९ च्या महापुराच्या आदल्या वर्षी दिल्लीत एक निर्णय झाला होता. शहरांत नळाने गॅस पोहोचवण्याच्या परवान्यांच्या एका फेरीत पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने कोल्हापूर जिल्ह्याचे क्षेत्र हिंदुस्तान पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांच्या भागीदारीला दिले. त्यातून ‘एचपीऑइल गॅस’ ही कंपनी उभी राहिली आणि कोल्हापूरच्या रस्त्यांकडेला पिवळ्या नळ्यांची वेटोळी दिसू लागली. आज शहरातल्या अनेक अपार्टमेंटच्या वार्षिक सभेत पार्किंग आणि पाण्याची टाकी झाली की तिसरा विषय हाच निघतो: पाइप गॅस घ्यायचा का? वरच्या मजल्यावरचे म्हणतात, आता टाकी जिन्याने वर न्यायची कटकट नको. तळमजल्यावरचे म्हणतात, आमचं चाललंय ते बरं आहे. स्वस्त कोणता, यावर तर प्रत्येकाकडे आपला एक ठाम आकडा असतो.

आकड्यांपासूनच सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहेत.

टाकी किलोवर मिळते आणि पाइप गॅस घनमीटरवर, म्हणून दोघांचे दर शेजारी ठेवून काहीच कळत नाही. तुलना करायची ती उष्णतेची. घरगुती टाकीत १४.२ किलो द्रवरूप गॅस असतो, तो मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेनचा. पाइपातून येतो तो बहुतांशी मिथेन. किलोमागची आणि घनमीटरमागची उष्णता धरून हिशेब केला तर एका टाकीचे काम सुमारे १८ घनमीटर पाइप गॅस करतो. गॅसच्या प्रतवारीनुसार हा आकडा थोडा मागेपुढे होतो, पण १८ धरून चालल्यास फार चूक होत नाही. म्हणजे आपल्या टाकीच्या दराला १८ ने भागावे. पाइप गॅसचा दर त्याहून कमी असेल तर पाइप स्वस्त आणि जास्त असेल तर टाकी स्वस्त. एवढे गणित बिलाच्या मागच्या बाजूला पेनाने होते.

आता तेच गणित मुंबईच्या जाहीर दरांवर करून पाहू. कोल्हापुरात टाकीचा दर मुंबईपेक्षा चार-दोन रुपयांनी वेगळा असतो, पण चढउतार तोच. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत मुंबईत टाकी ११०२ रुपये ५० पैशांना होती. १८ ने भागले की ६१ रुपये येतात, आणि त्या वेळी पाइप गॅस त्याहून बराच स्वस्त पडत होता. त्या महिन्याच्या अखेरीला केंद्राने टाकी २०० रुपयांनी उतरवली आणि २०२४ च्या मार्चमध्ये आणखी १०० रुपयांनी. टाकी ८०२ रुपये ५० पैशांवर आली आणि बरोबरीचा आकडा साडेचव्वेचाळीस रुपयांवर घसरला. २०२५ च्या एप्रिलमध्ये टाकी ५० रुपयांनी वाढून ८५२ रुपये ५० पैसे झाली, म्हणजे बरोबरी सुमारे ४७ रुपयांवर. त्याच एप्रिलमध्ये महानगर गॅसचा मुंबईतला घरगुती दर घनमीटरला ४९ रुपये झाला होता. १८ घनमीटरचे ८८२ रुपये. टाकीच थोडी स्वस्त!

दोन वर्षांत उत्तर उलटले, आणि ते ना गॅसमुळे उलटले ना स्वयंपाकघरामुळे. घरगुती टाकीचा दर सरकारच्या धोरणावर हलतो. पाइप गॅसचा दर घरगुती वाट्याला येणारा देशी गॅस किती आणि आयातीचा किती, यावर हलतो, आणि त्यात राज्याचा करही असतो. नैसर्गिक वायू अजून जीएसटीत आलेला नाही, त्यावर मूल्यवर्धित कर लागतो. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून तो साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला आणि पाइप गॅसवाल्या घरांना त्याचा फायदा झाला. उद्या या दोन्हींपैकी काहीही बदलू शकते.

फरकाची रक्कम किती, तेही पाहावे. चार माणसांच्या घरात एक टाकी साधारण चाळीस दिवस जाते असे धरू. वर्षाला नऊ टाक्या. एप्रिल २०२५ च्या दरांनी टाकीमागे तीस रुपयांचा फरक म्हणजे वर्षाला पावणेतीनशे रुपये. रविवारी घरात मटण शिजणाऱ्या, दिवाळीला चकली-कडबोळ्यांचा घाणा दोन दिवस चालणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम फार नाही. अनामतीचा फरकही निर्णायक नाही. टाकीची अनामत जून २०२२ पासून २२०० रुपये आणि रेग्युलेटरची २५०. पाइप गॅसची परताव्याची अनामत पाच-सहा हजारांच्या घरात असते आणि ती बहुतेक कंपन्या हप्त्यांनीही घेतात. मात्र एक खर्च लोक विसरतात. मीटरपासून शेगडीपर्यंतची ठरावीक लांबी अनामतीत धरलेली असते आणि पुढच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे लागतात. ज्या फ्लॅटचे स्वयंपाकघर इमारतीच्या उभ्या पाइपापासून लांब आहे, त्यांनी मोजमाप आधी करून घ्यावे.

पैशाचा खरा फरक कुठे पडत असेल तर तो शेगडीत. पाइप गॅसची घनमीटरमागे उष्णता टाकीच्या गॅसच्या निम्म्याहूनही कमी असते, म्हणून तितकीच आच मिळायला बर्नरच्या जेटमधून जास्त वायू यावा लागतो. त्यासाठी जोडणी देताना जुन्या शेगडीचे जेट बदलतात किंवा त्यांचे भोक मोठे करतात. हे काम घाईत झाले तर भोक वाकडेतिकडे होते, हवा आणि गॅसचे प्रमाण बिघडते आणि ज्योतीची टोके पिवळी पडतात. भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली की गॅस पूर्ण जळत नाही आणि पैसे वाया जात आहेत हे नक्की. अशा वेळी माणसाला परत बोलावून जेट बदलून घ्यावेत, किंवा पाइप गॅससाठीच बनवलेली आयएसआय शिक्क्याची शेगडी घ्यावी. उलटी चूक जास्त धोक्याची असते. पाइप गॅससाठी भोक मोठे केलेली शेगडी गावच्या घरी नेऊन टाकीला जोडली तर ज्योत भडकते. जोडणी बदलताना काढलेले जुने जेट म्हणून टाकून देऊ नयेत, डबीत ठेवावेत.

म्हणजे खर्चावर निर्णय करायचा नाही. जो कोणी सोसायटीच्या सभेत ‘अर्ध्या पैशात पडतो’ असे सांगतो, त्याला १८ ने भागायला सांगावे.

सुरक्षिततेचा विषय निघाला की लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो, टाकी म्हणजे घरात बॉम्ब. दुसरा म्हणतो, पाइप म्हणजे रात्रंदिवस भिंतीत वाहणारा गॅस. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, आणि ते समजून घ्यायला दोन्ही गॅसचा स्वभाव ओळखावा लागतो.

टाकीचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळला की खाली उतरतो, फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या कपाटात, फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की ठिणगी पुरते. पाइपातला मिथेन हवेच्या जेमतेम साठ टक्के वजनाचा, तो वर जातो, आणि पेटायला त्याचे प्रमाण पाच टक्क्यांवर जावे लागते. म्हणून पाइप गॅस मुळात थोडा जास्त क्षमाशील आहे. खिडकीची वरची झडप किंवा छताजवळची जाळी उघडी असेल तर तो निघून जातो. पण आपल्याकडे फ्लॅट हातात आला की पहिले काम काय होते? स्वयंपाकघराच्या बाल्कनीला सरकत्या काचा लागतात, छतापर्यंत कपाटे चढतात आणि वरची जाळी पुठ्ठ्याने बंद होते, कारण तिच्यातून पारवे येतात. त्या घरात हलक्या गॅसचा फायदा शून्य.

आता एक मोजणी. आठ बाय दहा फुटांचे, साडेनऊ फूट उंचीचे स्वयंपाकघर म्हणजे सुमारे २१ घनमीटर हवा. टाकीचा गॅस त्यात एकसारखा मिसळला तर सुमारे एक किलोभर गळतीने तिथली हवा पेटण्याजोगी होते. म्हणजे टाकीतला चौदावा भाग. शिवाय हा गॅस एकसारखा मिसळत नाही, तो खाली साचतो, त्यामुळे फरशीपाशी याहून कमी गॅसही पुरतो. पाइप गॅसला तेवढ्याच खोलीत एक घनमीटरहून जास्त गळावे लागते. घरातला दाब फार कमी, २१ मिलिबार, म्हणजे पाण्याच्या २१ सेंटिमीटर उंचीइतका. किंचित सैल जोडातून एवढा गॅस गळायला बराच वेळ जातो. पण पाइपाचे तोंडच उघडे राहिले तर घरगुती मीटरमधून तासाला अडीच घनमीटर सहज जातात, आणि बंद खोली अर्ध्या तासाच्या आत धोक्यात येते. इथेच दोन्ही व्यवस्थांमधला खरा फरक दिसतो. टाकीत दाब मोठा, पण माल मोजका, १४.२ किलो संपले की संपले. पाइपात दाब नगण्य, पण माल संपत नाही. कोणी कॉक बंद करेपर्यंत तो येतच राहतो.

कोल्हापूरने हे जवळून पाहिले आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कळंबा परिसरातल्या एका घरात पाइपाच्या गॅसचा स्फोट होऊन एका महिलेचा जीव गेला आणि घरातली इतर माणसे जखमी झाली. जबाबदारी कोणाची हे ठरवायला तपास यंत्रणा आणि न्यायालय आहे. पण त्या घटनेनंतर अनेक घरांत ‘आम्हाला पाइप नकोच’ असे जे झाले, त्यापेक्षा उपयोगी प्रश्न हा आहे की जोडणीच्या कामात कोणत्या क्षणी घर सर्वांत जास्त धोक्यात असते.

तो क्षण म्हणजे पाइप बसवणे आणि गॅस सुरू करणे यांच्या मधला काळ. जोडणी एका दिवसात होत नाही. आधी रस्त्यातून पिवळी नळी इमारतीच्या आवारात येते. तिथे दाब उतरवणारा रेग्युलेटर बसतो. मग बाहेरच्या भिंतीवरून उभा लोखंडी पाइप वर चढतो, प्रत्येक मजल्यावर फाटा निघतो, मीटर बसतो, भिंतीला भोक पाडून घरात पाइप येतो आणि ओट्याजवळ कॉक बसतो. यातली कामे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळी माणसे करतात. एखाद्या घरात पाइप येऊन पडलेला असतो, पण शेगडी जोडलेली नसते, कारण घरचे गावाला गेलेले असतात किंवा ओट्याचे काम चालू असते. त्या काळात पाइपाच्या तोंडाला आट्यांचे धातूचे बूच घट्ट बसलेले असलेच पाहिजे, आणि मीटरअलीकडचा कॉक बंद असला पाहिजे. नुसता कॉक बंद, एवढ्यावर विसंबू नये. सुताराचा, रंगाऱ्याचा, लहान मुलाचा हात लागून कॉक फिरू शकतो. बूच हाताने फिरत नाही.

दुसरे, गॅस सोडण्याआधी घरातल्या पाइपात हवा भरून दाबाची चाचणी घेतात. दाबमापकाचा काटा ठरलेल्या वेळात खाली येता कामा नये. ही चाचणी घरच्या माणसासमोर व्हावी आणि काट्याचा आकडा त्याने स्वतः पाहावा. मगच गॅस सोडायचा, पहिली हवा-गॅसची मिसळ खिडकीबाहेर जाऊ द्यायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून फुगा येतो का ते पाहायचे. याला अर्धा तास लागतो. सही घेऊन पाच मिनिटांत निघणाऱ्या माणसाला थांबवणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

पाइप गॅसवाल्या घराला एक सोय आहे जी टाकीवाल्याला नाही: मीटर. रात्री सगळी बटणे बंद करून मीटरवरचे लाल आकडे लिहून ठेवावेत. घनमीटरचे आकडे काळे असतात आणि त्याखालचे अंश लाल. सकाळी चहा ठेवण्यापूर्वी ते पुन्हा पाहावेत. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळते आहे. अगदी सूक्ष्म गळती या मीटरला कळत नाही, म्हणून साबणाच्या पाण्याला पर्याय नाही, पण महिन्यातून एकदा ही सवय ठेवायला काहीच खर्च नाही.

टाकीच्या बाजूची दक्षता वेगळ्या ठिकाणी लागते. बहुतेक गळत्या टाकी बदलताना होतात, आणि कारण अगदी क्षुल्लक असते. व्हॉल्व्हच्या आतली रबरी चकती झिजलेली किंवा नसलेलीच असते. म्हणून टाकी दारात आली की डिलिव्हरीवाल्या मामांना, ‘मामा, टोपी काढून साबण लावून दाखवा, आणि वजन पण करा,’ एवढे म्हणण्याचा संकोच करू नये. टाकीवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते, त्यात १४.२ मिळवले की काट्यावर किती यायला हवे ते कळते. कड्याला जोडणाऱ्या उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. तिथे ‘बी २७’ असेल तर ती टाकी जून २०२७ पर्यंतच वापरात असावी, पुढे ती तपासणीला गेली पाहिजे. मुदत टळलेली टाकी दारातूनच परत पाठवावी. आणि तारेचे अस्तर असलेली नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. ही नळी पाइप गॅसच्या शेगडीलाही असते आणि तिथेही तीच मुदत, पण पाइप घेतला की लोक तिच्याकडे बघणेच सोडतात.

आग लागली तर? इथे मात्र अपार्टमेंटसाठी पाइप निःसंशय सरस आहे. खालच्या मजल्यावर आग लागली तर वरच्या दहा घरांतल्या वीस टाक्या तापू लागतात, आणि तापलेली टाकी फुटली तर अग्निशमन दलाचा जवानही जवळ जाऊ शकत नाही. पाइप असलेल्या इमारतीत आवारातला मुख्य व्हॉल्व्ह फिरवला की सगळी इमारत गॅसमुक्त होते. अर्थात तो व्हॉल्व्ह कुठे आहे हे वॉचमनला माहीत असले पाहिजे आणि त्याच्यापुढे कोणाची स्कूटर उभी असता कामा नये. मुख्य व्हॉल्व्हची जागा लाल रंगाने दाखवणारी पाटी ज्या सोसायटीत नाही, तिने ती याच आठवड्यात लावावी.

गॅस गीझरबद्दलही बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे दर हिवाळ्यात बंद न्हाणीघरात माणसे गुदमरून मरतात. खोलीतली हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. हे टाकीच्या गॅसने होते तसेच पाइपाच्या गॅसनेही होते. पाइप आला म्हणून गीझर न्हाणीघरात सुरक्षित झाला असे समजू नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत हवा.

आता पुरवठा. कोल्हापूरकराच्या दृष्टीने हाच सर्वांत वजनदार मुद्दा, कारण हे शहर पाण्याने वेढले जाते.

भारतात वापरला जाणारा टाकीचा गॅस निम्म्याहून जास्त आयातीचा, आणि त्यातला मोठा हिस्सा आखातातून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. बंदरातून भरणी प्रकल्पात, तिथून ट्रकने वितरकाच्या गोदामात, तिथून टेम्पोने दारात. या साखळीचा शेवटचा दुवा रस्ता आहे, आणि २०१९ ला व २०२१ ला तोच तुटला.

पाइपाची साखळी जमिनीखालून आहे. दाभोळहून निघणारी गेल कंपनीची दाभोळ-बेंगळुरू वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली. ती रत्नागिरीतून सह्याद्री चढून कोल्हापूर जिल्हा ओलांडते आणि बेळगावकडे जाते. दाभोळच्या बंदरात द्रवरूप नैसर्गिक वायूची जहाजे लागतात, पण लाटा थोपवणारी भिंत अपुरी असल्याने तिथे वर्षानुवर्षे पावसाळ्यात जहाजे येऊ शकत नसत. तरीही वाहिनी कोरडी पडत नाही, कारण दाभोळ पनवेलमार्गे गुजरातकडच्या जाळ्याशी जोडलेले आहे. म्हणजे ज्या काळात कोल्हापूरला पूर येतो, त्याच काळात बंदर बंद असले तरी गॅस दुसऱ्या बाजूने येतो. देशी गॅसच्या वाटपात घरगुती ग्राहक पहिल्या ओळीत असतो, कारखाने नंतर, हीही जमेची बाजू.

महामार्ग बुडाला तरी जमिनीतल्या नळीला त्याचे काही वाटत नाही. तिच्यात साधारण चार बार दाब असतो आणि वर दहा फूट पाणी साचले तरी त्याचा भार अर्ध्या बारलाही पोहोचत नाही. पाणी आत शिरू शकत नाही. राजारामपुरी, ताराबाई पार्क अशा उंचावरच्या भागातल्या पाइप गॅसवाल्या फ्लॅटला म्हणूनच पुरात चूल बंद पडण्याचे कारण नाही.

दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा सखल भाग, बापट कॅम्प, इथली गोष्ट वेगळी. इमारतीच्या आवारातला रेग्युलेटर आणि तळमजल्याचे मीटर पाण्यात गेले की चित्र पालटते. घरातला दाब २१ सेंटिमीटर पाण्याएवढाच, तेव्हा बुडलेल्या सैल जोडातून पाणी पाइपात शिरते. रेग्युलेटरला हवेसाठी एक बारीक छिद्र असते, ते पाण्याखाली गेले की त्याचा हिशेब चुकतो आणि दाब वाढू शकतो. त्यामुळे पाणी चढू लागले की आवारातला व्हॉल्व्ह बंद करणेच योग्य, आणि मग त्या इमारतीच्या सर्व मजल्यांची शेगडी एकदमच थंड होते. पूर ओसरल्यावर तपासणी झाल्याशिवाय तो उघडता येत नाही. अशा इमारतींनी जोडणी घेताना एकच अट घालावी: रेग्युलेटर आणि तळमजल्याचे मीटर २०२१ च्या पुराच्या खुणेच्या वर बसवा. भिंतीवरची ती खूण अजून अनेक ठिकाणी दिसते. काम चालू असताना हे सांगितले तर फार अवघड नसते, नंतर मात्र सगळा पाइप उपसावा लागतो.

टाकीवाल्यांसाठीही पुराची एक गोष्ट. घरगुती टाकी भरलेली असली तरी पाण्यावर तरंगते, कारण तिचे एकूण वजन तीस किलोंच्या आसपास आणि ती बाजूला सारते ते पाणी पस्तीस किलोंच्या वर. रेग्युलेटर लावलेली टाकी तरंगू लागली की नळी ओढली जाते. पाणी अंगणात आले की रेग्युलेटर काढावा, टोपी लावावी आणि टाकी वरच्या मजल्यावर न्यावी.

पाइपाच्या पुरवठ्याला पूर सोडून आणखी एक शत्रू आहे: जेसीबी. कोल्हापुरात ड्रेनेज, जलवाहिनी, केबल यांसाठी रस्ते उकरणे बाराही महिने चालू असते, आणि पिवळ्या नळीला बकेटचा एक दात लागला की गल्लीच्या गल्ली बंद. टाकी बिघडली तर एका घराची बिघडते, पाइप तुटला तर शंभर घरांचा. म्हणून पाइप घेतलेल्या घरात एक इंडक्शन शेगडी असावी. दोन्ही घरगुती गॅस जोडण्या एकाच वेळी ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. टाकी आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून जुन्या पावतीवरची अनामत परत घ्यावी. टाकीच ठेवणार असाल तर दुसरी टाकी घ्यावी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ती भरलेली आहे ना ते पाहावे.

सगळे पारड्यात घालून या लेखाचा कौल असा. ज्या अपार्टमेंटच्या रस्त्यावर नळी टाकून वर्षभर गॅस सुरळीत चालू आहे, इमारत पुराच्या रेषेच्या वर आहे आणि तीनपेक्षा जास्त मजले आहेत, तिथे पाइप घ्यावा. तो स्वस्त पडेल म्हणून नाही, आगीत इमारत सुरक्षित राहते आणि महामार्ग बंद पडला तरी चूल पेटते म्हणून. ज्या गल्लीत खोदकाम अजून चालू आहे, तिथल्या लोकांनी एक-दोन पावसाळे थांबायला हरकत नाही. पुराच्या पट्ट्यात रेग्युलेटर उंचावर बसवून मिळत नसेल तर दोन टाक्याच बऱ्या. आणि भाड्याच्या घरात वर्षा-दीड वर्षासाठी राहणाऱ्यांनी अनामत अडकवू नये.

ज्यांच्या घरी येत्या आठवड्यांत जोडणीवाले येणार आहेत, त्यांना एक विनंती आहे. त्या दिवशी घरात जाणते माणूस असू द्या. दाबमापकाचा काटा स्वतः पाहा. प्रत्येक जोडावर साबण लावून घ्या, आणि त्याच दिवशी शेगडी जोडली जाणार नसेल तर पाइपाच्या तोंडाला बूच बसल्याशिवाय सही करू नका. कंपनीचा आणीबाणीचा क्रमांक मीटरच्या पेटीवर लिहा. टाकीच्या गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. वास आला तर आधी कॉक बंद, मग दारे-खिडक्या सताड उघड्या, दिव्याचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करायचे नाही, आणि फोन घराबाहेर जाऊन करायचा.